स्मॅशला उत्तर: ब्लॉक की लिफ्ट?

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला की असला फटका परतवतात तरी कसा? याचं अर्धं उत्तर शटलमध्येच आहे. हा वेग शटल रॅकेटवरून सुटतं त्या क्षणाचा असतो. पुढे पिसांना हवा अडवते आणि शटल समोरच्या खेळाडूपर्यंत पोचेतो त्याचा बराचसा वेग ओसरलेला असतो. तरीही हाताशी वेळ अगदीच थोडा उरतो. म्हणून स्मॅश येण्याआधी तुम्ही कसे उभे आहात, यावरच पुष्कळसं ठरून जातं.

डबल्समध्ये बचाव करणारे दोघे शेजारी शेजारी, कोर्टाच्या साधारण मध्यावर उभे राहतात. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. रॅकेट कमरेच्या उंचीवर आणि शरीरापासून पुढे. कोपर बरगड्यांना चिकटलं की उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या कमरेवर आलेलं शटल काढता येत नाही; चांगले स्मॅशर नेमके तिथेच मारतात. पकड बॅकहँडची आणि सैल हवी, कारण पोटासमोरचं आणि डाव्या बाजूचं शटल एकाच पकडीने घेता येतं, आणि कोपर पुढे असेल तर उजव्या कमरेवरचंही. स्मॅश कोपऱ्यातून येत असेल, तर त्याच्या सरळ रेषेतला खेळाडू किंचित मागे राहून बाजूची रेषा सांभाळतो. त्याचा जोडीदार थोडा पुढे आणि मध्याकडे सरकतो, कारण तिरपा स्मॅश जास्त अंतर कापून, वेग गमावून येतो.

ब्लॉक म्हणजे शटलचाच वेग वापरून ते नेटलगत टाकणं. इथे हात मागे नेऊन मारायचं नाही. रॅकेटचा चेहरा जरा वर उघडा ठेवायचा आणि शटल लागताना बोटं हलकी आवळायची. पकड आधीपासून घट्ट असेल तर शटल नेटवर उंच उसळतं आणि पुढे उभा असलेला प्रतिस्पर्धी ते खाली ठोकतो. ब्लॉक वारंवार असे उसळत असतील तर दोष बहुधा बोटांत असतो. लिफ्टचं गणित वेगळं. ती पुढच्या खेळाडूच्या रॅकेटवरून जाऊन मागच्या रेषेजवळ पडायला हवी. शटल शरीराच्या पुढे न घेता बाजूला आल्यावर घेतलं, की लिफ्ट मध्यावरच पडते आणि पुढचा स्मॅश आणखी तीव्र कोनातून येतो.

मग निवड कशी करायची? शटलइतकंच स्मॅश मारणाऱ्याकडे पाहून. समजा, समोरचा उजव्या हाताचा खेळाडू त्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्यातून, पायांवर पक्का उभा राहून मारतो आहे. आपल्याकडून ती डावी बाजू. त्याचा जोडीदार नेटजवळ, त्याच बाजूला झुकलेला. अशा वेळी सरळ ब्लॉक पुढच्याच्या हाती जाण्याची भीती. सरळ लिफ्ट दिली तर मागचा जागेवरून पुन्हा मारणार. म्हणून डावीकडचा आपला खेळाडू उंच, खोल, तिरपी लिफ्ट देतो. आता स्मॅशरला कोर्टाची रुंदी धावत डोक्याच्या डाव्या बाजूने मारावं लागतं. फटका मंदावतो, मारल्यावर तो बाहेरच्या बाजूला कलतो आणि पुढचा खेळाडूही त्या बाजूला सरकतो. हीच ब्लॉकची वेळ. आता सरळ रेषेत असलेला उजवीकडचा आपला खेळाडू तिरपा ब्लॉक डाव्या पुढच्या कोपऱ्यात टाकतो. स्मॅशर सर्वांत दूर, पुढचा खेळाडू उलट बाजूला. शटल नेटखाली उतरल्यावरच कोणीतरी तिथे पोचतो आणि त्याला ते वर उचलावं लागतं. आपला डावीकडचा खेळाडू तोवर नेटकडे आणि उजवीकडचा मागे मध्यावर गेलेला असतो. दोन फटक्यांत बचावाचं आक्रमण झालं.

याला मर्यादा आहेत. पुढच्या खेळाडूने तिरपा ब्लॉक आधीच हेरला तर तो फसतो, कारण त्याचा प्रवास लांब असतो. तेव्हा सरळ रेषेतच, पण पुढच्याच्या मागे आणि मागच्याच्या पुढे पडेल असा थोडा लांब ढकललेला ब्लॉक उपयोगी पडतो. दोघांनाही वाटतं की जोडीदार घेईल, आणि तेवढ्यात शटल खाली आलेलं असतं.

नेहमीच्या जोडीदाराबरोबर खेळत असाल तर आणखी एक गोष्ट सामन्याआधी ठरवून टाका: दोघांच्या मधोमध आलेला स्मॅश घ्यायचा कोणी. बहुतेक जोड्या तो तिरप्या बाजूच्या खेळाडूकडे देतात, कारण सरळ बाजूच्याला रेषा सोडता येत नाही.