पावसात अडकलेल्या साठ गोण्या

सिमेंट तीन महिने टिकतं, असं दुकानदार सांगतो आणि मिस्त्रीही. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. हे तीन महिने कोरड्या, बंद खोलीत नीट रचलेल्या गोणीचे. चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोकणातल्या जुलैत, तेवढीच गोणी काही आठवड्यांत खडे धरायला लागते. सिमेंट वयाने मरत नाही, ओलीने मरतं. ज्या गुणामुळे ते पाणी मिळताच घट्ट होतं, त्याच गुणामुळे ते हवेतली वाफही सोडत नाही. गोणी शिवलेली दिसली तरी ती हवाबंद नसते.

समजा, सावंतवाडीकडे कुणाचं घर चाललंय. मे महिन्याच्या शेवटी स्लॅबसाठी साठ गोण्या आल्या, सेंट्रिंग रखडलं आणि पाऊस आला. आता स्लॅब दिवाळीनंतर. पहिला शहाणपणा म्हणजे विक्रेता घेत असेल तर गोण्या परत करणं. नसेल घेत, तर घराची एखादी पूर्ण झालेली, न गळणारी खोली निवडायची आणि तिच्या खिडक्या बंद करायच्या. वारा खेळता हवा हा धान्याचा नियम इथे उलटा पडतो.

जमीन कोरडी दिसली तरी खालून ओल वर येते. म्हणून आधी जाड प्लास्टिक, त्यावर विटा आणि विटांवर फळ्या, असं जमिनीपासून वीतभर उंच करून घ्यायचं. भिंतीपासून हातभर जागा सोडायची, कारण पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते आणि टेकलेल्या गोणीला ते देते. गोण्या एकमेकींना घट्ट चिकटवून रचायच्या, मध्ये हवा फिरायला फट नको. एका थरात आठ, असे आठ थर केले की साठ गोण्या साधारण पाच फूट बाय साडेसहा फुटांत बसतात. थप्पी ढासळू नये म्हणून एक थर उभा, एक आडवा. वरून आणि बाजूंनी पुन्हा प्लास्टिक.

दहा थरांच्या वर मात्र जाऊ नये. आठ थरांतसुद्धा तळाच्या गोणीवर सात गोण्यांचं, म्हणजे साडेतीनशे किलोंचं वजन असतं. त्या दाबाने भुकटी आतल्या आत आवळते आणि गोणी दगडासारखी लागते. इथे बरेच जण घाबरून चांगलं सिमेंट फेकतात. अशी गोणी जमिनीवर चार वेळा लोळवली की आतलं सिमेंट पुन्हा मोकळं होतं. ते दाबाने बसलेलं होतं, ओलीने नव्हे.

ओलीचा खडा वेगळा. तो बहुधा गोणीच्या कडेला, कोपऱ्यात किंवा शिवणीपाशी सापडतो. चिमटीत धरून दाबला आणि भुगा झाला तर ठीक. बोटांनी फुटेना, फोडल्यावर रवाळ कण निघाले, तर तिथे सिमेंटची पाण्याशी गाठ पडून गेली आहे. अशी गोणी चाळून वापरायची पद्धत साइटवर सर्रास आहे आणि मला ती फसवी वाटते. चाळणीवर उरतात ते फक्त दिसणारे खडे. खाली पडलेल्या पिठातल्या कणांवरही वाफेने पातळ थर चढवलेला असतो. त्यातही सर्वांत बारीक कण आधी खर्ची पडतात आणि सुरुवातीच्या दिवसांतली ताकद मुख्यतः त्यांच्याच जोरावर येते. चाळलेलं सिमेंट दिसतं ताजं, पण घट्ट व्हायला रेंगाळतं आणि ताकदीला कमी भरतं. बांधकामाच्या पुस्तकांत ठोकळ आकडे असतात: तीन महिन्यांत सुमारे 20 टक्के, सहा महिन्यांत 30 टक्के ताकद जाते. साठवण वाईट असेल तर याहून जास्त. किती गेली हे आपल्याला कळत नाही, म्हणून ‘जरा जास्त सिमेंट घाला’ या तोडग्याला हिशेबच नाही.

गोणीवर सिमेंट कोणत्या आठवड्यात, महिन्यात भरलं ते छापलेलं असतं. वय तिथून मोजायचं, आपल्या अंगणात गोणी उतरली तिथून नव्हे. विक्रेत्याकडे ती आधीच दीड महिना पडून असू शकते. वेगवेगळ्या खेपा असतील तर जुनी थप्पी दाराजवळ ठेवावी, म्हणजे ती आधी निघते.

या साठ गोण्या नोव्हेंबरात पाच महिन्यांहून जुन्या होतील. कडेला खडे धरलेल्या गोण्या वेगळ्या काढून अंगणातल्या कोब्याला किंवा कुंपणाच्या किरकोळ कामाला लावाव्यात, कॉलम-स्लॅबला नाहीत. पूर्ण दगड झालेल्या टाकून द्याव्यात. उरलेल्या हाताला मऊ लागल्या तरी स्लॅबला घालण्याआधी तपासून घ्यायला हव्यात. साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सिमेंट-वाळूचे छोटे ठोकळे करून 3, 7 आणि 28 दिवसांनी दाबून फोडतात. ‘53 ग्रेड’ म्हणजे हा 28 दिवसांचाच आकडा. त्यामुळे दिवाळीनंतर लगेच स्लॅब टाकायचा असेल, तर नमुना दसऱ्याच्या आधीच प्रयोगशाळेत पोचवावा लागेल.