खुर्ची व्हिएतनामची, सवलत कशाच्या जोरावर?

व्हिएतनाममधून प्लॅस्टिकच्या खुर्च्या न्हावाशेवाला उतरल्या, सोबत ‘फॉर्म एआय’ हा मूळ देशाचा दाखला आला, म्हणजे आसियान करारातली सवलत मिळालीच, असं अनेक आयातदार धरून चालतात. २०२० मध्ये सीमाशुल्क कायद्यात कलम २८डीए आलं, तेव्हापासून नुसता दाखला पुरत नाही.

दाखल्यात आधी मूळ ठरवण्याच्या निकषाचा रकाना पाहा. तिथे साधारणपणे ‘आरव्हीसी ३५% + सीटीएसएच’ असं लिहिलेलं असतं. यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. बाहेरच्या कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा सहा आकडी शुल्कक्रमांक वेगळा हवा. शिवाय मालाच्या एफओबी किमतीत करारातल्या देशांचा वाटा किमान ३५ टक्के हवा. समजा, खुर्ची १०० रुपयांची आणि तिच्यात चिनी प्लॅस्टिक दाणे ७० रुपयांचे. दाण्यांची खुर्ची झाली, क्रमांक बदलला, पण आसियानचा वाटा ३० टक्केच. सवलत नाही, दाखल्यावर शिक्का असला तरी!

म्हणून ऑर्डर देतानाच पुरवठादाराकडून खर्चाचा हा हिशेब मागा. ‘कॅरोटार’ नियमांनुसार ही माहिती आयातदाराकडेच असावी लागते आणि बिल ऑफ एंट्रीनंतर पाच वर्षं जपावी लागते. पुरवठादार गुपिताचं कारण सांगून टाळत असेल, तर माझ्या मते पूर्ण शुल्क धरूनच भाव ठरवावा.

बिल ऑफ एंट्रीत सवलतीच्या अधिसूचनेचा क्रमांक, दाखल्याचा क्रमांक, तारीख आणि तोच निकष नोंदवा.