डिस्क पोचली, पण फाइल पोचली का?

पुण्यात घरून काम करणारा एखादा व्हिडिओ एडिटर माहितीपट पूर्ण करतो आणि नागपूरच्या निर्मातीला हार्ड डिस्क कुरिअर करतो. डिस्कवर ४० जीबीची मुख्य फाइल आणि सोबत आवाजाचे वेगळे ट्रॅक असतात. निर्माती फाइल उघडते, पहिली दोन मिनिटं पाहते आणि 'मिळालं' असं कळवून टाकते. पण कॉपी होताना फाइलचा एखादा तुकडा बिघडला असेल, तर विसाव्या मिनिटाला फ्रेम फुटेल किंवा आवाज तुटेल, आणि ते कळेल थेट प्रदर्शनाच्या दिवशी. फाइलचा आकार पाहून हे लक्षात येत नाही, कारण बिघडलेल्या फाइलचा आकारही अगदी तेवढाच असू शकतो.

म्हणून डिस्कसोबत एक ईमेलही जायला हवा, आणि त्यात चेकसमची यादी हवी. चेकसम काढणारा प्रोग्रॅम फाइलचा प्रत्येक बाइट वाचतो आणि त्यावरून ठरावीक लांबीची एक ओळ तयार करतो. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत ही ओळ ६४ अक्षरांची असते, मग फाइल ४० जीबीची असो की ४० बाइटची. फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी सगळी ओळच वेगळी येते.

ग्राहकाला यातलं काही माहीत नसतं असं धरून ईमेल लिहावा. साधारण असा:

'नमस्कार मॅडम, डिस्क आज कुरिअर केली आहे. सोबत SHA256SUMS.txt ही यादी जोडली आहे. डिस्क मिळाल्यावर प्रोजेक्ट उघडण्याआधी एवढं करा. विंडोजच्या सर्च बॉक्समध्ये PowerShell टाइप करून ते उघडा आणि खालची ओळ पेस्ट करा. डिस्कचं अक्षर E नसेल तर तेवढं बदला.

```
Get-FileHash E:\Master.mov -Algorithm SHA256
```

काही मिनिटं स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. खिडकी बंद करू नका. मग जी लांब ओळ येईल ती यादीतल्या Master.mov समोरच्या ओळीशी ताडून पाहा. तुमच्याकडे अक्षरं कॅपिटल दिसतील, यादीत लहान आहेत. त्याने फरक पडत नाही. जुळली नाही तर डिस्कवरचं काहीही पुसू नका, मला फोन करा.'

'काही मिनिटं' हे शब्द ईमेलमध्ये हवेतच. साधी यूएसबी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, म्हणजे ४० जीबीला सहा-सात मिनिटं लागतात. कोणी सांगितलेलं नसेल तर कॉम्प्युटर अडकला असं समजून माणूस खिडकी बंद करतो. 'प्रोजेक्ट उघडण्याआधी' यालाही कारण आहे. एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल नुसती उघडून सेव्ह झाली तरी आतली माहिती बदलते, आणि मग धडधाकट फाइलही जुळत नाही.

ओळ जुळली नाही की लगेच नवी डिस्क मागवण्याची घाई नको. डिस्क काढून पुन्हा जोडावी आणि तीच कमांड परत चालवावी. दर वेळी वेगळीच ओळ आली, तर फाइल वाचण्यातच गडबड आहे. आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहावं. दर वेळी तीच चुकीची ओळ आली, तर डिस्कवरची प्रतच बिघडलेली किंवा मुळात वेगळी आहे. आणि ओळ e3b0c442 ने सुरू होऊन 7852b855 ने संपत असेल, तर फाइल चक्क रिकामी आहे. शून्य बाइटच्या कुठल्याही फाइलचा एसएचए-२५६ हाच येतो.

एडिटरच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादी कशावरून काढली. ती स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइलवरून काढावी. कुरिअरच्या डिस्कवरच्या प्रतीवरून काढली, तर बिघडलेल्या प्रतीचीच यादी होते आणि ग्राहकाकडे सगळं व्यवस्थित जुळतं! मॅकवर मूळ फोल्डरमध्ये जाऊन यादी अशी निघते:

```
shasum -a 256 *.mov *.wav > SHA256SUMS.txt
```

मग डिस्कवर कॉपी करून, डिस्क एकदा काढून पुन्हा जोडायची. कॉपी केल्या केल्या तपासणी केली तर कॉम्प्युटर काही भाग डिस्कऐवजी स्वतःच्या मेमरीतूनच वाचू शकतो. यादीची एक प्रत डिस्कवर ठेवून, डिस्कच्या फोल्डरमधून तपासणी करायची:

```
shasum -a 256 -c SHA256SUMS.txt
```

प्रत्येक फाइलसमोर OK आलं की डिस्क पाकिटात घालावी. FAILED आलं तर ती फाइल पुन्हा कॉपी करावी. ग्राहकाला मात्र यादी ईमेलनेच पाठवावी, कारण फक्त डिस्कवरच असेल तर डिस्कबरोबर तीही बिघडू शकते.

या तपासणीतून एवढंच कळतं की एडिटरने यादीत घेतलेली फाइल आणि ग्राहकाच्या हातातली फाइल एकच आहे. एडिटरने चुकून आदल्या आठवड्यातलं जुनं व्हर्जन पाठवलं असेल तरी ओळी तंतोतंत जुळतील. त्यामुळे ओळी जुळल्यावरही निर्मातीने माहितीपट शेवटपर्यंत पाहावा, आणि तिचा होकार येईपर्यंत एडिटरने मूळ फाइल पुसू नये.