दोन नोंदींमधला पक्षी

२००७च्या ऑगस्टअखेरीस बार-टेल्ड गॉडविट जातीची एक मादी अलास्काचा किनारा सोडून निघाली आणि ७ सप्टेंबरला न्यूझीलंडमध्ये उतरली. ही जात चिखलात लांब चोच खुपसून किडे वेचणारी. पाण्यावर बसून विसावा घेणं तिला जमत नाही. सुमारे ११,६८० किलोमीटरचा प्रशांत महासागर या मादीने आठ दिवसांत, कुठेही न टेकता पार केला. पायातल्या खुणेच्या पट्टीवरून अभ्यासक तिला ‘ई-सेव्हन’ म्हणू लागले.

हे कळलं ते तिच्या शरीरात बसवलेल्या ट्रान्समीटरमुळे. त्यातून हाती येतो तो मात्र एक साधा तक्ता: वेळ, अक्षांश, रेखांश. त्या तक्त्यातून नकाशावर उडणारा पक्षी दाखवायचा, तर पहिला प्रश्न वेळेचा येतो. अलास्का आणि न्यूझीलंडच्या घड्याळांत त्या दिवसांत वीस तासांचा फरक असतो. म्हणून सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत ठेवायच्या. नाहीतर आठ दिवसांचे नऊ होतात.

मग चित्रचौकटी ठरवायच्या. तासाला एक चौकट धरली तर या प्रवासाच्या साधारण १९४ चौकटी होतात. सेकंदाला बारा दाखवल्या तर सोळा सेकंदांची फिल्म. पण दर तासाला नोंद असतेच कुठे? बॅटरी वाचवण्यासाठी असा ट्रान्समीटर बराच वेळ झोपलेला असतो. जागा झाला की तो नुसते संकेत पाठवतो. वरून जाणारा आर्गोस उपग्रह ते ऐकतो आणि त्यांच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून जागा काढली जाते. या गणिताला उत्तरं दोन येतात, उपग्रहाच्या मार्गाच्या एकेका बाजूला एक. चुकीचं उत्तर निवडलं गेलं, तर पक्षी अचानक शेकडो किलोमीटर बाजूला जाऊन लगेच परत आलेला दिसतो.

अशी नोंद वेगावरून पकडता येते. ई-सेव्हनचा सरासरी वेग ताशी साठ किलोमीटर. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तीनशेचा वेग निघाला, तर मधला बिंदू काढून टाकायचा. मात्र दोन नोंदी दोनच मिनिटांच्या अंतराने असतील आणि जागेत पाच किलोमीटरची चूक असेल, तरी वेग दीडशे दिसतो. तिथे पक्षीही खरा असतो आणि नोंदही जवळपास खरी असते. म्हणून नुसत्या वेगावर निकाल द्यायचा नाही, मधला वेळही पाहायचा.

उरलेल्या चौकटी भरायच्या त्या दोन नोंदींच्या मधली जागा काढून. इथेच या प्रवासातला मोठा खड्डा आहे: वाटेत १८० अंशांचं रेखावृत्त लागतं. समजा, एका नोंदीत रेखांश −१७९.२ आहे आणि पुढच्या नोंदीत १७९.६. प्रत्यक्षात दोन्ही जागा जवळजवळ आहेत. पण संगणक बेरीज करून दोनाने भागतो आणि मधला रेखांश येतो ०.२. पडद्यावर पक्षी एका क्षणात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, आफ्रिकेच्या रेखांशावर जातो आणि नकाशाभर एक आडवी रेघ उमटते. उपाय एका ओळीचा आहे. पायथनमध्ये तो असा:

```
df["lon"] = df["location-long"] % 360
```

आता −१७९.२ चे १८०.८ होतात आणि मधला बिंदू १८०.२ वर, समुद्रात, जिथे हवा तिथेच पडतो. पार्श्वभूमीचा नकाशाही मग ० ते ३६० अंशांचा, प्रशांत महासागर मध्यावर असलेला घ्यावा लागतो.

एवढं करूनही मधला पक्षी आपणच मांडलेला असतो. एक पूर्ण दिवस नोंद नसेल, तर तेवढ्यात ती चौदाशे किलोमीटर गेलेली असते. त्या वेळात ती वाऱ्याबरोबर वळली असेल, तर आपली सरळ रेघ ते वळण गिळून टाकते. म्हणून मी नोंदीचा बिंदू भरीव काढतो आणि हिशेबाने भरलेला पोकळ. बारा तासांहून मोठी फट असेल, तर पक्ष्यामागे काढलेली वाटेची शेपटी तिथे तुटक ठेवतो.

अशी फिल्म पाहताना शेपटीकडे लक्ष द्या. पक्षी बराच वेळ एकाच वेगाने, आखल्यासारखा सरळ जातोय आणि एखाद्या बिंदूवर टोकदार वळतोय असं दिसलं, तर तो बिंदू नोंदीचा आहे आणि मागची सरळ वाट भरलेली. ई-सेव्हन त्या वेळात नेमकी कुठे होती, ते त्या तक्त्यात लिहिलेलं नाही.