कोपऱ्यावर नजर ठेवा

प्रो कबड्डीचा सामना पहिल्यांदाच पाहणाऱ्याची नजर चढाईपटूवर खिळते. दम घुमवत तो एकटाच सात जणांच्या अंगणात शिरतो, तेव्हा दुसरीकडे बघवत नाही. पण दोन-तीन चढायांपुरता हा मोह आवरा आणि बचाव करणाऱ्या संघाच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या गड्यांकडे बघा. हे डावा कोपरा आणि उजवा कोपरा. चढाई फसणार की फळणार, हे बहुतेक वेळा त्यांच्या पायांवरून आधी कळतं.

मैदानाची तीन मापं लक्षात असली की पुढचं सोपं जातं. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक संघाचं अंगण मध्यरेषेपासून साडेसहा मीटर खोल असतं. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने कुणाला स्पर्श केला नाही, तर परतण्यापूर्वी त्याला ही रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. तिच्या एक मीटर पुढे बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील, तर एक पाय या रेषेपलीकडे टेकवून आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत ठेवून चढाईपटू बोनस गुण मिळवतो. समोर पाच किंवा त्याहून कमी गडी उरले की बोनस बंद होतो. चढाईसाठी वेळ मिळतो 30 सेकंद.

आता कोपऱ्याकडे या. बोनस घ्यायला चढाईपटू बहुधा कोपऱ्यातल्या गड्याजवळून आत पाय टाकतो. त्या क्षणी एक पाय पुढे ताणलेला, दुसरा हवेत, त्यामुळे त्याचा तोल सर्वांत कच्चा असतो. कोपऱ्यातला बचावपटू याचीच वाट बघतो आणि झेपावून घोटा धरतो. म्हणून चांगला कोपरा अनेकदा मुद्दाम थोडा मागे किंवा बाजूला सरकून उभा राहतो, बोनसची वाट मोकळी आहे असं भासवतो. चढाईपटूलाही हे ठाऊक असतं. तो पाय टाकल्याची हूल देतो, कोपरा झेपावला की पाय काढून घेतो आणि जमिनीवर पसरलेल्या गड्याला हाताने टिपून परततो. बाहेरून नुसती ये-जा वाटणारे ते दहा-पंधरा सेकंद याच देवघेवीचे असतात.

घोटा हातात आला म्हणजे पकड झाली असं मात्र नाही. एकट्याने धरलेल्या घोट्यासकट ताकदवान चढाईपटू मध्यरेषेकडे सरपटतो आणि त्याचा हात रेषेपलीकडे पोहोचला, की त्या झटापटीत त्याला स्पर्श झालेले सगळे बाद होतात. म्हणून कोपऱ्याच्या शेजारचे गडी, ज्यांना समालोचक ‘इन’ आणि ‘कव्हर’ म्हणतात, त्यांचा निर्णय फार मोलाचा. कोपऱ्याने झेप घेताच कव्हरने धावून चढाईपटूची परतीची वाट अडवायची किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर लोटायचं. समालोचक त्याला ‘डॅश’ म्हणतात. कव्हर अर्धा क्षण उशिरा पोहोचला तर एका गुणाऐवजी दोन-तीन जातात. मग पकड फसली हे दिसत असताना मागे राहणं शहाणपणाचं असतं. दर्जेदार बचावफळी ओळखायची असेल, तर ती किती वेळा तुटून पडते यापेक्षा किती वेळा स्वतःला आवरते हे बघा.

लीगमध्ये पकडींचे सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर आहेत, तो इराणचा फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यातच खेळतो. यू मुंबा आणि पुणेरी पलटण या दोन्ही संघांचं कर्णधारपद त्याने सांभाळलं आहे. उलट बाजूचं टोक म्हणजे परदीप नरवाल. हात धरून उभ्या असलेल्या दोन बचावपटूंच्या साखळीखालून वाकून निसटण्याची त्याची डुबकी प्रसिद्ध आहे. 2017 मध्ये पाटणा पायरेट्सकडून हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एकाच चढाईत सहा गडी बाद केले आणि लोणाचे दोन धरून आठ गुण मिळवले. साखळी उंचावर धरली की डुबकीला वाट मिळते, खाली वाकून धरली की वरून उडी मारून जाता येतं. बचावाला नेहमीच एक वाट सोडावी लागते.

डावपेचांचा खरा कस लागतो तो गडी कमी झाल्यावर. आधी हिशेब बघू. पकड झाली की एक गुण आणि बाद झालेला आपला एक गडी परत आत. स्पर्शाच्या गुणावरही गडी परत येतो, बोनसवर येत नाही. सगळे गडी बाद झाले की लोण : समोरच्याला दोन जादा गुण आणि आपले सातही पुन्हा आत. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण. आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर त्या संघाच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हीच ‘डू ऑर डाय’ चढाई.

समजा, सामना संपायला तीन मिनिटं आहेत. निळा संघ 27, लाल संघ 25. निळ्यांचे तीनच गडी उरलेत, लालांचे सातही आत आहेत. वरवर पाहता लालांनी तुटून पडावं. पण अनुभवी लाल चढाईपटू आत येतो, निदान रेषा ओलांडतो आणि कुणाला हात न लावता परत जातो. प्रेक्षक चुकचुकतात, पण त्याचं गणित बरोबर असतं. तिघांसमोर धोका पत्करून अव्वल पकडीचे दोन गुण देण्यापेक्षा, निळ्यांचा चढाईपटू आपल्या सात जणांत येऊ दे, तिथे त्याला पकडू, असा त्याचा विचार असतो. निळेही तेच करतात. फक्त त्यांच्यासमोर सात गडी असल्याने त्यांना बोनसची संधी असते आणि तो मिळाला तर त्यांची चढाई रिकामी राहत नाही. लालांना ती सोय नाही. म्हणून तिसऱ्या चढाईची वेळ आधी लालांवर येते.

आता लाल चढाईपटूला स्पर्श करावाच लागेल आणि निळ्या तिघांना हे माहीत आहे. दोन कोपरे आणि मध्ये एक कव्हर, तिघंही खोल मागे उभे राहतात, हात आखडून. पहिली 20 सेकंदं कुणी हलत नाही, कारण वेळ निळ्यांच्या बाजूने आहे. मग चढाईपटूला जिथे जायचं नव्हतं, तिथे कोपऱ्याजवळ जावं लागतं. अव्वल पकड झाली तर गुणफलक 29-25, निळ्यांचे चार गडी आत आणि लालांचे सहा. पण तिघांनी मिळून धरलं आणि तो त्यांना ओढत मध्यरेषेला पोहोचला, तर लालांना तीन गुण स्पर्शाचे आणि दोन लोणाचे : 30-27, आघाडी लालांची. एका चढाईत सात गुणांचा फरक. त्या क्षणी निळ्या कव्हरने धाव घ्यायची की नाही, हे त्याला चढाईपटूचा तोल पाहून ठरवायचं असतं. दोन्ही खांदे कोपऱ्याकडे वळलेले असतील तर धाव, तो मध्यरेषेकडे वळला असेल तर थांब.

नवख्याला हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे लॉबी, मैदानाच्या दोन्ही कडांना असलेली एक-एक मीटरची पट्टी. कुणाचाही स्पर्श झालेला नसताना चढाईपटूने तिच्यात पाय टाकला की तो बाद. स्पर्श झाला की हीच पट्टी खेळात येते आणि झटापट तिच्यात चालू राहू शकते. म्हणूनच कोपऱ्याच्या अगदी कडेने बोनस घेणाऱ्या चढाईपटूला आणखी एक धोका असतो. कोपरा त्याला न शिवता नुसताच आत दबाव आणत सरकतो आणि तो स्वतःच रेषेबाहेर पडतो. पंच हात वर करतात, तेव्हा पकड तर कुणी केलीच नव्हती असं वाटतं. पुन्हा दाखवलेल्या दृश्यात त्याच्या टाचेकडे बघा.