रिॲक्शन कर्व्ह टिकला, आकडे बदलले

पीआयडी कंट्रोलर कसा ट्यून करावा याचं बरंचसं ज्ञान १९४२ पर्यंत ऑपरेटरच्या हातात आणि अंदाजात होतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीचे झिग्लर आणि निकोल्स यांनी मोजमापावर आधारलेली एक पद्धत मांडली. कंट्रोलर मॅन्युअलवर टाकायचा, तापमान स्थिर होऊ द्यायचं, हीटरचं आउटपुट एकदाच थोडं वाढवायचं आणि तापमान कसं चढतं त्याचा आलेख काढायचा. या आलेखावरून दोन गोष्टी मोजायच्या: तापमान हलायला किती वेळ लागला आणि मग ते जास्तीत जास्त किती वेगानं चढलं. त्यानंतरच्या काळाकडे पाहिलं तर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ही चाचणी आजही तितकीच खरी आहे. तिच्याबरोबर दिलेल्या गुणकांचं मात्र तापमानाच्या लूपशी नेहमी जमत नाही.

प्लॅस्टिक एक्स्ट्रूडरच्या बॅरलचा एक झोन घेऊ. ४० टक्के आउटपुटवर तो १५० अंशांवर स्थिर आहे. आउटपुट ५० टक्के केलं. ३० सेकंद काहीच घडलं नाही, मग तापमान सेकंदाला ०.१ अंश या वेगानं चढू लागलं आणि हळूहळू मंदावत १८० वर थांबलं. आउटपुटच्या दर टक्क्यामागे वेग ०.०१ अंश आला. त्याला ३० सेकंदांच्या विलंबानं गुणलं की ०.३, आणि १.२ भागिले ०.३ म्हणजे गेन ४. इंटिग्रल टाइम विलंबाच्या दुप्पट, ६० सेकंद. डेरिव्हेटिव्ह टाइम विलंबाच्या निम्मा, १५ सेकंद. आता सेटपॉइंट १७० केला तर २० अंशांच्या फरकावर पी एकटाच ८० टक्के मागतो. आधीचे ४० धरले तर १२०. हीटर १०० वरच अडतो. त्यात आय दर सेकंदाला १.३ टक्के भर घालतो, म्हणजे तापमान हलायच्या आधीच्या ३० सेकंदांत आणखी ४० टक्के साचतात. आउटपुट अडलेलं असताना ही बेरीज थांबवायची सोय कंट्रोलरमध्ये नसेल, तर तापमान १७० ओलांडून गेल्यावरच ती उतरू लागते. बॅरलमधली जास्तीची उष्णता हीटरला काढून घेता येत नाही, त्यामुळे ओव्हरशूट निवायला मिनिटं जातात.

मग आय काढूनच टाकावा का? नाही. याच झोनवर गेन ४ ठेवून फक्त पी चालवला तर तापमान १७० च्या सुमारे दीड अंश खालीच स्थिरावतं, कारण वाढीव आउटपुट टिकवायला पीला काहीतरी फरक शिल्लक लागतो. तो फरक संपवणं हे आयचंच काम. डी चढत्या वेगाकडे पाहून आधीच आवर घालतो, पण थर्मोकपलचं वाचन ०.१ अंशानं उडालं आणि कंट्रोलर दर सेकंदाला ते वाचत असेल, तर फिल्टरशिवाय आउटपुट ६ टक्क्यांनी झटका खातं. रेकॉर्डरवर आउटपुटची रेघ काटेरी दिसू लागली तर आधी डीवर संशय घ्यावा.

यावर रास्त आक्षेप असा की झिग्लर-निकोल्स यांनी चूक केलीच नव्हती. त्यांना बाहेरून आलेला धक्का लवकर शमवायचा होता आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या एक चतुर्थांश असावा, हा त्यांचा निकष होता. हे मान्य करायलाच हवं. २००३ मध्ये नॉर्वेच्या स्कोगेस्टाड यांनी त्याच चाचणीवरून सौम्य नियम दिले. त्या नियमांनुसार आपल्या झोनला पी आणि आय एवढेच लागतात: गेन सुमारे १.७, इंटिग्रल टाइम २४० सेकंद. आता २० अंशांच्या बदलावर आउटपुट ७३ टक्क्यांवर जातं आणि विलंबाच्या काळात आय जेमतेम ४ टक्के घालतो. पण स्क्रूचा वेग बदलून झोनला धक्का बसला, तर तापमान पूर्ववत होईपर्यंत साठणारी एकूण चूक जवळपास दहापट होते. तरीही बॅरलसाठी मी सौम्य आकड्यांनीच सुरुवात करीन, कारण रोज चालू करताना होणारा ओव्हरशूट माल जाळतो आणि धक्क्याची चूक गेन थोडा थोडा वाढवून कमी करता येते. सारखं दार उघडणाऱ्या भट्टीला मात्र जुने आकडेच जवळचे; तिथे सेटपॉइंट एकदम न बदलता रॅम्पनं चढवावा.

दोन्ही नियमांचा खरा कस लागतो तो विलंबाच्या मोजमापावर. ३० ऐवजी २० सेकंद वाचले, तर जुन्या नियमानं गेन ६ होतो, इंटिग्रल टाइम ४० वर येतो आणि आयचा वेग सव्वादोनपट वाढतो. चाचणीआधी तापमान आपसूक चढत असेल, तर नेमकी हीच चूक होते. एसएसआरची सायकल २० सेकंदांची असेल, तर सरासरी १० सेकंदांचा विलंब तीच घालते. पुढे कोणी ती बदलली तर आलेख नव्यानं काढावा लागतो.