गाळ्यावर ‘६ टक्के सुटतात’ म्हणजे नक्की किती?



समजा माळशिरस तालुक्यातल्या आपल्या श्रीपूरमध्ये मेन रोडचा एक गाळा विकायला निघालाय. आत भाडेकरू आहे, भाडं महिन्याला १२ हजार, आणि मालक मागतोय २४ लाख. एजंट म्हणतो, “वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे सरळ ६ टक्के!” आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या रस्त्यावरचे घाला.

एजंट खोटं बोलत नाही. फक्त तो ग्रॉस यील्ड सांगतोय, म्हणजे वर्षाचं पूर्ण भाडं भागिले किंमत. यातला प्रत्येक रुपया तुमच्या खिशात येणार असं त्यात गृहीत धरलंय.

आता खिशात काय येतं ते बघू. श्रीपूरची उलाढाल कारखान्याच्या हंगामावर चालते. पांडुरंग कारखान्याचा गळीत हंगाम असतो तेव्हा गाळ्याला गिऱ्हाईक सापडतं. पण भाडेकरूनं ऐन उन्हाळ्यात गाळा सोडला तर दोन महिने शटर बंदच. दर दोन वर्षांनी असं एकदा होईल असं धरलं, तर वर्षाला सरासरी एक महिन्याचं भाडं गेलं. राहिले १ लाख ३२ हजार. त्यातून नगरपंचायतीची घरपट्टी, शटर, रंग, स्लॅबची गळती, विमा आणि नवा भाडेकरू आणण्याची दलाली असे मिळून २२ हजार काढा. उरले १ लाख १० हजार. हे निव्वळ उत्पन्न.

कर्जाचा हप्ता यात धरायचा नाही बरं का. हप्ता हा तुमचा खर्च आहे, गाळ्याचा नाही. रोखीनं घेणाऱ्याला आणि कर्ज काढणाऱ्याला गाळा सारखंच उत्पन्न देतो.

हे १ लाख १० हजार २४ लाखांनी भागले की येतात साधारण ४.६ टक्के. हा या किमतीला पडणारा कॅप रेट. पण तुमचे पैसे २४ लाखच जात नाहीत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील धरून आणखी १ लाख ८० हजार लागले, तर एकूण गुंतवणूक २५ लाख ८० हजार, आणि त्यावर नेट यील्ड जेमतेम ४.३ टक्के. सहाचे सव्वाचार झाले!

मग गाळ्याची योग्य किंमत किती? इथं कॅप रेट उलटा वापरायचा. त्याच रस्त्यावर अलीकडे विकलेले, भाड्यानं असलेले दोन-तीन गाळे शोधा. समजा एक २० लाखांना गेला आणि त्याचं निव्वळ उत्पन्न १ लाख होतं, म्हणजे ५ टक्के. दुसरा १८ लाखांना, निव्वळ ९९ हजार, म्हणजे साडेपाच. आपले १ लाख १० हजार ५ टक्क्यांनी भागले तर किंमत येते २२ लाख, साडेपाचनं भागले तर २० लाख. बोलणी या दोन आकड्यांच्या मध्ये करायची, २४ पासून खाली उतरत नव्हे. अर्ध्या टक्क्यात २ लाखांचा फरक पडतो, म्हणून रेट अंदाजानं घेऊ नका. इंडेक्स टू काढून व्यवहार तपासा. तिथल्या रकमेत वरचे रोख पैसे दिसत नाहीत, तेव्हा आजूबाजूच्या दुकानदारांनाही विचारा.

सगळ्यात महाग पडणारी गफलत वेगळीच आहे. शेजारच्या गाळ्यांचा साडेपाच टक्के रेट निव्वळ उत्पन्नावरून काढायचा, आणि तो लावायचा एजंटनं सांगितलेल्या पूर्ण भाड्याला. १ लाख ४४ हजार भागिले साडेपाच टक्के, म्हणजे २६ लाख १८ हजार. आता २४ लाख एकदम स्वस्त वाटायला लागतात! प्रत्यक्षात तुम्ही २ ते ४ लाख जास्त मोजताय. रेट ज्या उत्पन्नावरून काढला, त्याच प्रकारच्या उत्पन्नाला तो लावायचा.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक हिशोब करा. १५ लाखांवर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षी व्याजच साधारण १ लाख ३५ हजार होतं. गाळा देतोय १ लाख १० हजार. वरचे २५ हजार आणि मुद्दल तुमच्या धंद्यातून जाणार.

आणि हे सगळं ज्या १२ हजारांवर उभं आहे, ते भाडं खरं आहे का? कधी कधी विक्रीआधी नात्यातलाच माणूस भाडेकरू म्हणून बसवलेला असतो. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार मागा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदवलेला असणं कायद्यानं बंधनकारक आहे. सोबत मालकाच्या बँक पासबुकात वर्षभराचं भाडं जमा झालेलं बघा. शेजारचा तेवढाच गाळा साडेनऊ हजारांवर असेल, तर हिशोब साडेनऊ हजारांवरच करा. खर्च तेवढेच राहतील, भाड्याच्या दरानं ठरणारी दलाली थोडी कमी होईल, पण किंमत मात्र २० लाखांच्याही बरीच खाली येईल.